तसबिरीवरचा हार आणि त्याची सावली

नाशिकला रामकुंडावर दशक्रिया विधी ठरला, की फोटो स्टुडिओत ओळखीची मागणी येते: गावच्या घरी भिंतीवर असलेल्या तसबिरीचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, त्यावर हार घालून मोठी प्रिंट हवी. नेटवरून उतरवलेला तयार हार ठेवायला पाच मिनिटे पुरतात, पण तो चिकटवल्यासारखा दिसतो. फुलांचा आकार, हाराचा झोल आणि सावली या तीन गोष्टी जुळल्या, तर तोच हार तसबिरीला खरोखर घातलेला वाटतो.

उदाहरणादाखल निफाडच्या घरातली एक तसबीर घेऊ. लाकडी चौकट बाहेरून १२ × १८ इंच, खिडकी डाव्या हाताला, फोटो अगदी समोरून काढलेला. स्क्रीनवर चौकटीची रुंदी १८०० पिक्सेल भरली, म्हणजे एक इंच १५० पिक्सेलचा. झेंडूचे मध्यम फूल साधारण दोन इंचांचे असते, म्हणून ते ३०० पिक्सेलच्या आसपास दिसले पाहिजे. हा हिशेब केला नाही, तर फुले हमखास लिंबाएवढी किंवा नारळाएवढी होतात.

हार शक्यतो खराच आणावा. फुलबाजारातून झेंडूचा हार घ्यावा आणि चौकटीच्याच मापाच्या पुठ्ठ्यावर राखाडी कार्डशीट लावून त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांवरून तो सोडावा. डाव्या बाजूला खिडकी येईल असा पुठ्ठा ठेवून समोरून फोटो काढावा. राखाडी कागदाचा रंग पाकळ्यांवर उतरत नाही आणि हार कापून घेणेही सोपे जाते. मुख्य म्हणजे हाराला त्याच्या वजनाने झोल मिळतो. सरळ हार फोटोशॉपमध्ये Warp ने वाकवला, तर वळणावरची फुले लांबट होतात. गोल फूल अंड्यासारखे दिसू लागले, की हार ओढूनताणून बसवल्याचे लगेच कळते.

हार नव्या लेयरवर आणून मापात बसवला, की आधी वरचे कोपरे पाहावेत. खरा हार चौकटीच्या वरच्या कडेवरून मागे जातो. म्हणून लेयर मास्कने कडेमागचा भाग झाकायचा, पण कडेवर टेकलेले फूल थोडे वर डोकावू द्यायचे. कडेवर सरळ रेषेत कापलेले फूल सर्वात आधी खटकते. खालचा झोल छातीवर यावा, हनुवटीला लागू नये.

आता सावली. प्रकाश किती तिरका आहे, ते मूळ फोटोच सांगतो. ही चौकट भिंतीपासून एक इंच पुढे आहे आणि तिची सावली उजवीकडे भिंतीवर तेवढीच, एक इंच पडली आहे. याचा अर्थ, वस्तू मागच्या पृष्ठभागापासून जितकी पुढे, तितकीच तिची सावली उजवीकडे सरकते. लाकडावर हार टेकलेला आहे, म्हणून तिथे सावली फुलांना अगदी लगटून, गडद आणि अरुंद हवी. काच लाकडापेक्षा अर्धा इंच आत आहे, म्हणून काचेवर तीच सावली ७५ पिक्सेल सरकते. चौकटीच्या आतल्या कडेपाशी सावलीला अशी पायरी पडते. चिकटवलेल्या हारात नेमकी हीच पायरी नसते.

खिळ्याला टांगलेली तसबीर वरून किंचित पुढे झुकते आणि हार मात्र ओळंब्यात लोंबतो. त्यामुळे खालचा झोल काचेपासून आणखी सुटतो. तो एक इंच सुटला असेल, तर तिथली सावली १५० पिक्सेल सरकलेली आणि जास्त पुसट हवी.

Drop Shadow सगळीकडे सारखेच अंतर ठेवतो, म्हणून तो लावून थांबू नये. Layer > Layer Style > Create Layers ने सावली वेगळ्या लेयरवर घ्यावी आणि लाकडावरचा, काचेवरचा व झोलाखालचा असे तिचे तीन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा आपापल्या अंतरावर सरकवून, अंतर वाढेल तसा Gaussian Blur वाढवावा. लेयर Multiply वर ठेवावा. रंग निव्वळ काळा न घेता भिंतीवरच्या सावलीतून उचललेला घ्यावा.

शेवटी रंग. मोबाइलच्या फोटोत गडद भाग थोडे करडे असतात, तर नव्याने काढलेला हार जास्त झळाळतो. Curves ने हारातला काळेपणा मूळ फोटोइतका उचलावा आणि केशरी इतका उतरवावा, की पाकळ्यांच्या कडा सुट्या दिसतील. प्रिंटमध्ये केशरी रंग स्क्रीनपेक्षा वेगळा उतरतो, म्हणून आधी ४ × ६ ची एक प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात पाहावी. नजर चेहऱ्याआधी हाराकडे गेली, तर रंग अजून उतरवायचा आहे.