शेवट न सांगता पुस्तक सुचवताना

दीड मिनिटाच्या पुस्तकशिफारशीच्या व्हिडिओची संहिता साधारण १८० ते २०० शब्दांची होते. एवढ्या जागेत सगळी कथा मावत नाही आणि ती मावू देऊही नये. दोनच गोष्टी नीट मांडायच्या असतात: कुतूहल जागं करणारी सुरुवात आणि पुस्तक वाचण्याचं एक कारण.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. ही छोटेखानी कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात अशी करता येईल: “नवा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा आहे, पण पोरं शाळेत नाहीत, ती मेंढरांमागे गेलीत. आणि मास्तर स्वतःच अजून कोवळ्या वयाचा आहे. आता ही वाडी त्याला आपलं म्हणेल का?” यातली माहिती कथेच्या पहिल्या काही पानांतलीच आहे. पुढचं काहीच फुटत नाही, तरी प्रश्न मनात राहतो. सुरुवातीची परिस्थिती आणि तिच्यातली अडचण एवढंच सांगायचं, ही मर्यादा पाळली की सहसा धोका राहत नाही.

रहस्यभेद नेहमी घटना सांगूनच होतो असं नाही. “शेवट वाचून सुन्न व्हाल” हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण वाचक तेव्हापासून त्या धक्क्याची वाट पाहत वाचतो आणि मधली पानं त्याच्या हातून निसटतात. पडद्यावरच्या चित्रांचंही तसंच. अमोल पालेकरांच्या ‘बनगरवाडी’ चित्रपटातलं उत्तरार्धाचं दृश्य मागे दाखवलं, तर तोंडानं पाळलेलं मौन वाया जातं.

कारण निवडताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. “भाषा सुंदर, ग्रामजीवनाचं दर्शन, हृदयस्पर्शी व्यक्तिरेखा” अशी यादी कोणत्याही ग्रामीण कादंबरीला चिकटवता येते, म्हणून ती कुणालाच पटत नाही. ‘बनगरवाडी’साठी एक नेमकं कारण असं: माडगूळकर थोडक्या, साध्या वाक्यांत माणूस उभा करतात आणि त्याच्याविषयी निवाडा देत नाहीत. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसं मास्तराला जशी कळत जातात, तशीच वाचकालाही. दाखला म्हणून सुरुवातीच्या प्रकरणातली एक-दोन वाक्यं कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवावीत. निवेदकानं केलेल्या कौतुकापेक्षा ती अधिक पटतात. दुसरं कारण कितीही आवडतं असलं तरी ते या व्हिडिओत घेऊ नये, कारण त्यानं पहिल्याचं वजन कमी होतं.

संहिता तयार झाली की पुस्तक न वाचलेल्या एखाद्याला ती मोठ्यानं वाचून दाखवावी आणि दोन प्रश्न विचारावेत: पुढे काय होईल असं वाटतं, आणि हे पुस्तक का वाचावं? पहिल्याचं उत्तर खऱ्या शेवटाजवळ गेलं, तर तो अंदाज ज्या वाक्यामुळे बांधला गेला ते वाक्य काढावं. दुसऱ्याला दोन-तीन उत्तरं आली, तर कारण अजून निवडलं गेलेलं नाही असं समजावं आणि तो भाग पुन्हा लिहावा.