नाव एकाचे, दुकान दुसऱ्याचे

माल तयार करणारा, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार ही विक्रीची जुनी साखळी आहे. तिच्यातला प्रत्येक जण स्वतंत्र असतो. घाऊक व्यापारी आपले कमिशन लावतो, दुकानदार त्यावर स्वतःचे लावतो, आणि दुकानात माल कसा मांडला, ग्राहकाशी कोण कसे बोलले, याची उत्पादकाला खबरही नसते. जो तो आपापला नफा वाढवू पाहतो. त्यामुळे शेवटची किंमत इतकी चढते की विक्री घटते आणि सगळ्यांचेच नुकसान होते. हे टाळण्यासाठी साखळीतल्या कोणीतरी एकाने सूत्रे हाती घेऊन बाकीच्यांना एका धोरणाखाली आणले, की त्या रचनेला व्हर्टिकल मार्केटिंग सिस्टिम, म्हणजे उभी विपणन व्यवस्था म्हणतात.

सूत्रे हाती घेण्याचे मार्ग तीन. पहिला मालकीचा: कारखानाही आपला आणि दुकानही आपले. कोलकात्याजवळच्या बाटानगरात बूट बनवून ते स्वतःच्या दुकानांत विकणारी बाटा हे त्याचे जुने भारतीय उदाहरण. दुसरा मार्ग वजनाचा. हिंदुस्तान युनिलिव्हरसारखी कंपनी वितरकाची मालक नसते, पण तिचा माल ठेवल्याशिवाय वितरकाचे चालत नाही, म्हणून तो तिचे ऐकतो. हे वजन कायमचे नसते. मोठ्या कंपन्या नव्या घाऊक साखळ्यांना आपल्यापेक्षा स्वस्तात माल देतात, असा आक्षेप घेऊन 2021-22 मध्ये वितरकांच्या संघटनेने काही कंपन्यांविरुद्ध बहिष्काराची भाषा केली, तेव्हा ते दिसून आले. तिसरा मार्ग कराराचा. फ्रँचायझी त्यात मोडते, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

फ्रँचायझीत मूळ कंपनी आपले नाव, कृती आणि कामाची पद्धत वापरायला देते. दुकान उभारण्याचे भांडवल, नोकरांचे पगार आणि तोट्याचा धोका फ्रँचायझीधारकाच्या माथी. त्या बदल्यात तो सुरुवातीला ठोक शुल्क भरतो आणि पुढे विक्रीच्या ठरावीक टक्क्याने रॉयल्टी देतो. यातली ताकद उघड आहे. दुसऱ्याच्या पैशाने कंपनी झपाट्याने पसरते. दुकान ज्याचे, तो सकाळी स्वतः शटर उघडतो आणि गल्ल्यावर डोळा ठेवतो. पगारी व्यवस्थापकाकडून ही तळमळ मिळत नाही. शिवाय स्थानिक जागा, स्थानिक परवाने आणि स्थानिक माणसे त्याला ठाऊक असतात.

अडचणीचे मूळ रॉयल्टीच्या हिशेबात आहे. कंपनीचा वाटा विक्रीवर ठरतो, दुकानदाराचा पोटापाण्याचा प्रश्न मात्र नफ्यावर. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री 20 लाख रुपये आहे. कच्च्या मालावर विक्रीच्या 60 टक्के, म्हणजे 12 लाख जातात. रॉयल्टी 5 टक्के, म्हणजे 1 लाख. भाडे, पगार आणि वीज मिळून 5 लाख. दुकानदाराच्या हाती 2 लाख उरतात. आता कंपनीने तीन किलोमीटरवर दुसऱ्याला दुकान दिले. जुन्या दुकानाची विक्री 16 लाखांवर आली आणि नव्याची 14 लाख झाली. कंपनीला आता 30 लाखांवर रॉयल्टी मिळते, म्हणजे तिचे उत्पन्न 1 लाखावरून दीड लाख झाले. जुन्या दुकानदाराचा मालाचा खर्च 9 लाख 60 हजार आणि रॉयल्टी 80 हजारांवर उतरते, पण भाडे-पगाराचे 5 लाख तसेच राहतात. त्याच्या हाती उरतात फक्त 60 हजार. यात कोणीच करार मोडलेला नाही. तरीही एकाची भरभराट आणि दुसऱ्याची दैना एकाच निर्णयातून झाली. म्हणून फ्रँचायझी घेताना रॉयल्टीच्या टक्क्याइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, ‘आपल्या परिसरात दुसरे दुकान किती अंतरावर देता येईल’ हे कलम महत्त्वाचे.

उलट बाजूने दुकानदारही कंपनीला गोत्यात आणू शकतो. महामार्गावरच्या दुकानात आज आलेला प्रवासी पुन्हा क्वचितच येतो. तिथे तेल चार वेळा जास्त वापरले तर वाचलेला पैसा त्या दुकानदाराचा. विटलेला ग्राहक मात्र त्या नावाच्या साऱ्या दुकानांना टाळतो. सांभाळायचे नाव सगळ्यांचे आणि काटकसरीचा फायदा एकट्याचा, अशी ही स्थिती असते. म्हणूनच तेल कधी बदलायचे, तळलेला पदार्थ किती मिनिटांनी फेकून द्यायचा, इतक्या बारीक गोष्टी कंपन्या नियमपुस्तकात घालतात आणि ओळख न देता तपासनीस पाठवतात. दुकान घसरत चालल्याची खूणही बहुधा तिथेच सापडते: नोंदलेल्या विक्रीशी मालाच्या खरेदीचा मेळ बसत नाही. खरेदी कमी आणि विक्री जास्त असेल, तर माल बाहेरून येतो आहे. खरेदी जास्त आणि विक्री कमी असेल, तर रॉयल्टी चुकवण्यासाठी विक्री लपवली जात असल्याचा संशय येतो.

नियमपुस्तकापेक्षा पक्की पकड कोणती, याचा शोध मॅकडोनाल्ड्सला अमेरिकेत लवकर लागला. रे क्रॉक यांनी 1955 मध्ये इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे आपले दुकान उघडले, तेव्हा फ्रँचायझीधारकाकडून विक्रीच्या 1.9 टक्केच मिळायचे, आणि त्यातले 0.5 टक्के मॅकडोनाल्ड बंधूंना जायचे. एवढ्यात कंपनी चालणे अवघड होते. क्रॉक यांचे आर्थिक सल्लागार हॅरी सोनबॉर्न यांनी 1956 मध्ये जागांसाठी वेगळी कंपनी काढली. ती जागा ताब्यात घ्यायची आणि फ्रँचायझीधारकाला पोटभाड्याने द्यायची. भाड्यातून उत्पन्न तर आलेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाडेकरार फ्रँचायझी कराराला जोडलेला होता. नियम मोडणाऱ्याचे केवळ नाव जात नसे, दुकानाची जागाही जात असे. दुसरा संकेत असा, की क्रॉक मोठा प्रदेश एकाच माणसाला सहसा देत नसत. एकेक दुकान द्यायचे आणि चांगले चालवणाऱ्यालाच पुढचे. बर्गरपेक्षा या दोन गोष्टींनी ती साखळी बांधून ठेवली, असे म्हटले तरी चालेल.

भारतात 1996 मध्ये आलेल्या मॅकडोनाल्ड्सने हे दोन्ही संकेत बाजूला ठेवले. देशाचे दोन भाग करून निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या दोन कंपन्या स्थापन झाल्या: उत्तर आणि पूर्वेसाठी विक्रम बक्षी यांच्याबरोबर कॅनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स, तर पश्चिम आणि दक्षिणेसाठी अमित जटिया यांच्याबरोबर हार्डकॅसल रेस्टॉरंट्स. मालपुरवठ्याची बाजू मात्र मनापासून बांधली गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. तळोज्याच्या व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्समधून पॅटीस यायचे आणि बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून चीज. गोदामे आणि शीतवाहतुकीचा भार राधाकृष्ण फूडलँड या एकाच कंपनीवर होता. शेतापासून काउंटरपर्यंत मालकी कुणा एकाची नाही, पण तापमानापासून तुकड्याच्या जाडीपर्यंत सगळ्यांना एकच नियम. करारावर उभ्या असलेल्या विपणन व्यवस्थेचा याहून चांगला नमुना भारतात मिळणे कठीण.

उत्तरेकडचा संसार मोडला. ऑगस्ट 2013 मध्ये बक्षी यांची कॅनॉट प्लाझाच्या व्यवस्थापकीय संचालकपदी फेरनिवड झाली नाही आणि ते कंपनी कायदा मंडळाकडे गेले. निम्म्या-निम्म्या भागीदारीत कोणाकडेच बहुमत नसते. दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले की संचालक मंडळाचे कामच थांबते. त्याचा पहिला ठळक परिणाम जून 2017 मध्ये दिल्लीत दिसला: खाद्यगृहाच्या परवान्यांचे नूतनीकरण न झाल्याने शहरातील 55 पैकी 43 दुकाने बंद ठेवावी लागली. जुलैत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने बक्षी यांना पदावर परत आणले. ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्ड्सने रॉयल्टी थकल्याचे कारण देऊन 169 दुकानांचा फ्रँचायझी करार रद्द केला.

नियंत्रणाची मर्यादा यानंतर उघडी पडली. कागदावर करार संपला, तरी दुकाने चालूच राहिली. नोकर, यंत्रे आणि परवाने स्थानिक कंपनीच्या हातात होते. शटर खाली ओढण्याचे साधन मूळ कंपनीकडे नव्हते. अमेरिकेतली ती भाडेकराराची कळ इथे बसवलेलीच नव्हती. ग्राहकाला तर यातले काहीच कळत नव्हते. पाटी तीच आणि रंग तेच. डिसेंबर 2017 मध्ये राधाकृष्ण फूडलँडने पुरवठा थांबवला, तेव्हा मात्र उत्तर आणि पूर्वेतली 80 च्या आसपास दुकाने बंद पडली. वकिलांच्या नोटिशीने जे झाले नाही, ते गोदामातून ट्रक न निघाल्याने झाले. एकच वाहतूकदार ठेवण्याची ही दुसरी बाजू: एरवी त्यामुळे दर्जा सांभाळला जातो, आणि बिनसल्यावर सगळी साखळी एका दिवसात अडते. पुढे स्थानिक कंपनीने दुसरा वाहतूकदार शोधला, तेव्हा मूळ कंपनीसमोर नवाच प्रश्न उभा राहिला. आता आपल्या नावाने विकले जाणारे अन्न आपल्या मानकांप्रमाणे आहे की नाही, याची खात्री तिलाही देता येईना.

मे 2019 मध्ये तडजोड झाली. मॅकडोनाल्ड्सने बक्षी यांचा हिस्सा विकत घेतला आणि तपासणी व प्रशिक्षणासाठी दुकाने काही दिवस बंद ठेवून टप्प्याटप्प्याने उघडली. पश्चिम-दक्षिणेत तोपर्यंत वेगळी रचना रुळली होती. तिथे मॅकडोनाल्ड्सने भागीदारी सोडून जटिया यांच्या समूहाला विकास परवाना दिला होता. या प्रकारात गुंतवणूक, नफा आणि तोटा पूर्णपणे परवानाधारकाचा. मूळ कंपनी रॉयल्टी घेते, दर्जा तपासते, पण संचालक मंडळात अर्धी खुर्ची मागत नाही. तत्त्वतः तिचे नियंत्रण यात कमी होते. प्रत्यक्षात भांडणाची एक मोठी जागाच नाहीशी होते, कारण कोण मालक आणि कोण परवाना देणारा, याचा घोळ उरत नाही.

तंटा न्यायालयात गेला तर भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि 1999 चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच भिस्त असते. कंपनीने पकड फारच घट्ट केली, तर 2002 चा स्पर्धा कायदाही आड येऊ शकतो. एका मालाबरोबर दुसरा घेण्याची सक्ती, फक्त आपल्याकडूनच खरेदीची अट, पुनर्विक्रीची किंमत बांधून देणे, अशा उभ्या करारांनी बाजारातील स्पर्धेला लक्षणीय धक्का बसत असेल, तर कलम 3 नुसार ते बेकायदा ठरतात. म्हणजे दर्जासाठी ठरावीक पुरवठादाराकडूनच पाव घ्यायला लावणे आणि केवळ कमिशनसाठी तसे करायला लावणे, या दोन्हींचा मजकूर करारात एकच असू शकतो; फरक त्याच्या परिणामावरून ठरवावा लागतो.

उत्तर आणि पूर्वेचा परवाना 2020 मध्ये एमएमजी समूहाच्या संजीव अग्रवाल यांना मिळाला. हा समूह कोका-कोलाचे बाटलीभरण करणारा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच्या नियमांनी धंदा करण्यात मुरलेला. देशाच्या दोन्ही भागांत आता भागीदारीऐवजी परवान्याचीच रचना आहे.