बाराव्या हप्त्याचं वजन

वहिनींनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक सराफाकडच्या भिशीचं पिवळं कार्ड, त्यावर अकरा महिन्यांचे अकरा शिक्के. दुसरं नव्या मंगळसूत्राचं बिल. कार्डाच्या तळाशी दुकानातल्या मुलाने पेनाने लिहिलं होतं, ५५,००० + ५,००० = ६०,०००. त्या दिवशी फलकावर बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,१०० रुपये होता. साठ हजारांना या भावाने भागलं तर सहा ग्रॅमला थोडं कमी, ५.९४ ग्रॅम सोनं येतं. बिलावर मात्र निव्वळ वजन होतं पाच ग्रॅम.

"भाऊजी, जवळजवळ एक ग्रॅम सोनं गेलं कुठे?"

कुणी चोरलं नव्हतं. (आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी थोडे गोल केलेत.) पण प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर कार्डावर नव्हतं, बिलावर होतं.

आधी कार्ड पाहू. सराफाच्या या योजनेला आपल्याकडे सर्रास भिशी म्हणतात, पण हा शब्द तिला उसना मिळाला आहे. बायकांच्या खऱ्या भिशीत दर महिन्याला कुणाचा तरी नंबर लागतो आणि जमलेली रक्कम तिच्या हाती पडते. इथे सगळ्यांचा हप्ता एकाच्याच गल्ल्यात जातो आणि नंबर अकरा महिन्यांनी, तोही दागिन्याच्या रूपाने लागतो. कायद्याच्या भाषेत ही बचत नव्हे, मालासाठी दिलेली आगाऊ रक्कम आहे.

वहिनींच्या योजनेत त्यांनी दरमहा ५,००० रुपये अकरा वेळा भरायचे आणि बारावा हप्ता दुकानाने घालायचा. पंचावन्न हजारांवर पाच हजार म्हणजे नऊ टक्के, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात ते त्याहून बरंच जास्त आहे. पहिला हप्ता दुकानाकडे अकरा महिने राहतो, दुसरा दहा, आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया सहाच महिने अडकलेला असतो. सहा महिन्यांत नऊ टक्के, म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांच्या घरात. कोणतीही बँक आवर्ती ठेवीवर याच्या जवळपासही देत नाही.

मग सराफाला हे परवडतं कसं? एक तर त्याला वर्षभर बिनव्याजी भांडवल मिळतं आणि गिऱ्हाईक बांधलं जातं. पण खरी मेख अशी की तो बोनस रोख देत नाही, दागिन्यात देतो. आणि दागिन्याच्या किमतीत सोन्याखेरीज मजुरीही असते. मजुरीचा दर तोच ठरवतो.

आता बिल. पाच ग्रॅमचे ५०,५०० रुपये. त्यावर चौदा टक्के मजुरी, म्हणजे ७,०७०. या दोन्हींच्या बेरजेवर, ५७,५७० रुपयांवर, तीन टक्के जीएसटीचे १,७२७. हॉलमार्किंगचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर मिळून ५३. एकूण ५९,३५०. उरलेले ६५० रुपये परत मागण्याऐवजी वहिनींनी चांदीची जोडवी घेतली. मजुरी, जीएसटी, हॉलमार्क आणि जोडवी यांची बेरीज बरोबर ९,५०० होते, आणि ९,५०० रुपयांना त्या दिवशी ०.९४ ग्रॅम सोनं येत होतं. हाच तो हरवलेला ग्रॅम.

यात दुकानदाराने एकही रुपया चुकीचा लावलेला नाही. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचं वजनसुद्धा त्याने आधीच वजा केलं होतं. एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन वेगळे रकाने बिलावर होते. वाट्यांवर ‘२२के९१६’ आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी कोरलेला होता, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासला तर बरोबर निघाला. सगळं चोख. खटकत होती फक्त मजुरीची चौदा टक्के.

म्हणून आम्ही दोघं गुजरीत जाऊन आलो. समोरच्याच ओळीत, तितक्याच वजनाच्या आणि तशाच घडणीच्या मंगळसूत्राला दुसऱ्या सराफाने आठ टक्के मजुरी सांगितली. तिथे भिशी नाही, बोनस नाही. हिशेब केला तर तेच पाच ग्रॅम ५६,२२९ रुपयांत पडत होते. वहिनींचं बिल ५९,३५० चं, त्यातले पाच हजार दुकानाचे, म्हणजे त्यांच्या खिशातून गेले ५४,३५०. दोन्हींतला फरक १,८७९ रुपये. बोनस पाच हजारांचा, पदरात पडले एकोणीसशेही नाहीत. बाकीचे मजुरीच्या सहा टक्क्यांनी आणि त्या मजुरीवरच्या जीएसटीने परत नेले.

आणि हेच हप्ते वहिनींनी बँकेत साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर अकरा महिन्यांत साधारण १,८०० रुपये व्याज आलं असतं. ते घेऊन त्या समोरच्या दुकानात गेल्या असत्या तर मंगळसूत्र जवळपास त्याच खर्चात पडलं असतं. अठरा टक्क्यांची कमाई शेवटी ऐंशी रुपयांवर आली! दोन्ही दुकानांची मजुरी सारखी असती तर बोनस पुरता त्यांचाच झाला असता, हेही तितकंच खरं. त्यामुळे भिशी फायद्याची की तोट्याची, याचं एकच उत्तर नाही. ज्या दिवशी नाव घालता त्या दिवशी दुकानातला मजुरीचा दर काय आहे आणि शेजारी काय आहे, यावर ते ठरतं.

वहिनींची भिशी रकमेची होती: वर्षभर रुपये साठतात आणि शेवटच्या दिवशीच्या भावाने त्यांचं सोनं होतं. दुसरा प्रकार वजनाचा. त्यात हप्ता भरला की त्याच दिवशीच्या भावाने तेवढे ग्रॅम कार्डावर चढतात. पहिल्या महिन्यात भाव ९,००० असेल तर पाच हजारांत ०.५५६ ग्रॅम, अकराव्यात १०,००० असेल तर अर्धा ग्रॅम. भाव दरमहा शंभराने चढत गेला असं धरलं तर अकरा हप्त्यांत ५.८० ग्रॅम जमतात. रकमेच्या भिशीत बोनससह ५.९४ येत होते, म्हणजे इथे बोनसच सरस. पण भाव दरमहा चारशेने चढून अकराव्या महिन्यात १३,००० वर गेला आणि दागिना घेताना १३,४०० झाला, तर? वजनाच्या कार्डावर ५.०७ ग्रॅम असतील आणि रकमेच्या साठ हजारांत फक्त ४.४८. जवळजवळ सहाशे मिलिग्रॅमचा फरक, बोनस जमेला धरूनसुद्धा. ढोबळमानाने, वर्षात सोनं अठरा टक्क्यांपेक्षा जास्त चढलं तर वजनाची भिशी पुढे जाते, कमी चढलं किंवा उतरलं तर रकमेची. वजनाच्या भिशीत बारावा हप्ता बहुधा नसतो. त्याऐवजी मजुरीत सूट मिळते, आणि ती किती टक्के, हे विचारूनच घ्यावं लागतं. भाव कुठे जाईल हे सांगणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही.

बोनसच्या अटी कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात, आणि कार्ड आपण नेहमी पुढूनच बघतो. काही ठिकाणी बोनस पूर्ण हप्त्याचा नसून त्याच्या अर्धा किंवा पाऊण असतो. काही ठिकाणी तो फक्त मजुरीतून वजा होतो, म्हणजे मजुरी कमी असलेला साधा दागिना घेतला तर पूर्ण वापरलाच जात नाही. नाणं किंवा वेढणी घ्यायची म्हटलं तर अनेक योजना बोनस देत नाहीत. कारण उघड आहे, त्यांत मजुरी नावापुरती असते. एक हप्ता चुकला तर बोनस गेला, निदान मुदत पुढे सरकली. मध्येच भिशी मोडली तर भरलेली रक्कम, तीही बहुतेकदा मालातच. आणि सगळ्यात झोंबणारी अट: पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला ‘मजुरीवर निम्मी सूट’ अशी पाटी लागते तेव्हा ती सूट भिशीच्या बिलाला लागू नसते. रांगेत शेजारी उभा असलेला रोखीचा गिऱ्हाईक त्या दिवशी तुमच्यापेक्षा स्वस्तात सोनं नेतो.

भिशी अकराच महिन्यांची का? पूर्वी या योजना दोन-तीन वर्षंही चालत. २०१३ च्या कंपनी कायद्याखाली २०१४ मध्ये ठेवींचे नियम आले. कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळती केली नाही, तर ती ठेव धरली जाते आणि ठेवींची सगळी बंधनं लागू होतात. म्हणून अकरा हप्ते आणि मग महिन्याभराच्या आत खरेदी. अठरा किंवा चोवीस महिन्यांची भिशी कुणी दाखवली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ती कोणत्या नियमात बसते. २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदाही आहे.

पण नियमात बसणारी भिशीसुद्धा सुरक्षित ठेव होत नाही. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं. सराफाकडच्या हप्त्यांना ते नाही. दुकान बुडालं तर तुम्ही तारण नसलेले धनको, बँकांच्या मागे उभे. २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली भागातल्या गुडविन ज्वेलर्सची दालनं अचानक बंद झाली आणि अनेकांचे भिशीचे, ठेवींचे पैसे अडकले. तिथे महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, गुन्हे दाखल झाले. अशा वेळी हातात असतो तो शिक्क्यांचा कागद आणि हप्त्यांच्या पावत्या. म्हणून हप्ता खात्यातून किंवा यूपीआयने भरावा, रोख दिला तर पावती घ्यावीच. आणि मुदत संपली की खरेदी लांबवू नये. ‘भाव उतरू दे, मग बघू’ म्हणत कार्ड कपाटात ठेवलं, की ते पैसे सराफाच्या धंद्यात तसेच पडून राहतात, आणि त्यावर वाढीव काहीच मिळत नाही.

वहिनींनी यंदा पुन्हा भिशी लावली आहे, या वेळी वजनाची आणि गुजरीतल्या तिसऱ्याच दुकानात. पहिला हप्ता देण्याआधी त्यांनी काउंटरवरच्या मुलाकडून कार्डाच्या मागे लिहून घेतलं: ‘साधी साखळी, मजुरी आठ टक्के, सूट निम्मी.’ तो म्हणाला, "काकू, असं कुणी लिहून घेत नाही." त्यांनी पेन त्याच्याकडे सरकवलं आणि खाली शिक्काही मारून घेतला.