‘त्याला चढतच नाही’

३१ डिसेंबरची रात्र, बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीची गच्ची. अकरावीतला एक मुलगा अर्ध्या ग्लासातच कोपऱ्यात पेंगतो. दुसरा स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली रिकामी करूनही ताठ उभा. मित्र कौतुकानं म्हणतात, “याला चढतच नाही.” ८ टक्क्यांच्या त्या बाटलीतून सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल त्याच्या पोटात गेलेलं असतं. त्या रात्री लक्ष पेंगणाऱ्याकडे ठेवावं. पुढच्या वर्षांची काळजी मात्र मला या ताठ उभ्या मुलाची वाटते.

डोळे मिटू लागणं, तोल जाणं हा शरीराचा ब्रेक. मोठ्या माणसाला तो थांबवतो. मुलांमध्ये तो कितपत लागतो, हे त्यांना दारू पाजून तपासता येत नाही, म्हणून ही तपासणी उंदरांवर झाली. तेवढ्याच दारूनं किशोरवयीन उंदीर प्रौढांपेक्षा कमी पेंगतात, कमी अडखळतात. स्मरणशक्तीला मात्र जास्त फटका बसतो. म्हणजे पाय शाबूत, पण आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस बधिर. त्यात मेंदूचा पुढचा भाग, जो ‘आता पुरे’ म्हणतो, तो पंचविशीच्या आसपास पक्का होतो. मजेची ओढ लावणारी यंत्रणा त्याआधीच जोरात असते. ब्रेक लागत नाही, म्हणून आणखी एक ग्लास भरला जातो.

याहून गंभीर गोष्ट पुढे दिसली. किशोरवयात अधूनमधून भरपूर दारू दिलेले उंदीर मोठे झाले, तरी त्यांना गुंगी उशिराच येत राहिली. वय वाढलं, ब्रेक कच्चाच राहिला. माणसांमध्येही अमेरिकेत मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांना तेवढ्याच दारूचा परिणाम कमी जाणवायचा, त्यांच्यातले जास्त जण पुढे व्यसनी झाले.

आपल्या शेजारच्या गोव्यात २० ते ४९ वयाच्या सुमारे १९०० पुरुषांची पाहणी झाली. १९५६-६० मध्ये जन्मलेल्यांत किशोरवयात दारूला सुरुवात केलेले सुमारे २० टक्के होते. १९८१-८५ मध्ये जन्मलेल्यांत ७४ टक्के. लवकर सुरुवात केलेल्यांत व्यसन, मानसिक त्रास आणि दुखापती जास्त आढळल्या. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतही पंधराव्या वर्षाआधी सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के, तर विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले.

हा सगळा फरक दारूनंच पाडला असं म्हणता येत नाही. ज्या आनुवंशिकतेमुळे किंवा घरातल्या वातावरणामुळे मूल लवकर पितं, तीच कारणं पुढे व्यसनालाही खतपाणी घालतात. उंदरांना मात्र दारू चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिलेली असते, म्हणून तो पुरावा मला वजनदार वाटतो.

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. गच्चीवर ती कोण तपासणार? घरी आलेला मुलगा सरळ चालतोय, एवढ्यावरून आईवडील निश्चिंत होतात. सकाळी त्याला जवळ बसवून, न ओरडता, रात्री अकरानंतरचं सगळं क्रमानं सांगायला सांगावं. मधला तास कोरा निघाला, तर तोल न जाताही मेंदू बधिर झाला होता.