व्याजदर शून्यावर आला, मग पुढे काय?

१६ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आपला मुख्य व्याजदर शून्य ते पाव टक्क्याच्या पट्ट्यात आणला. पंधरा महिन्यांपूर्वी तो सव्वापाच टक्के होता. लेहमन ब्रदर्स बुडाली होती, लाखोंच्या नोकऱ्या जात होत्या आणि दरकपातीला जागाच उरली नव्हती. बँक ठेवीतून पैसे कापू लागली, तर लोक नोटा काढून तिजोरीत ठेवतात. त्यामुळे दर शून्याखाली फार नेता येत नाही. पुढे युरोप आणि जपानने तो प्रयोग केला, पण एका टक्क्याच्या आतच थांबावे लागले.

फेडचा दर मात्र एका रात्रीच्या उधारीचा असतो. घरकर्जाचे दर दीर्घ मुदतीच्या रोख्यांकडे पाहून ठरतात आणि ते अजून शून्यापासून दूर होते. म्हणून फेड स्वतःच ते रोखे विकत घेऊ लागली. यालाच क्वांटिटेटिव्ह ईझिंग म्हणतात. समजा, दहा वर्षांचा शंभर डॉलरचा रोखा दरसाल तीन डॉलर व्याज देतो. मोठा गिऱ्हाईक आल्याने त्याची किंमत १०४ डॉलरच्या थोडी वर गेली, तर नव्या खरेदीदाराच्या पदरी वर्षाला जेमतेम अडीच टक्के पडतात. १८ मार्च २००९ रोजी जवळपास हेच घडले. ३०० अब्ज डॉलरचे सरकारी रोखे घेण्याची घोषणा झाली आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा त्याच दिवशी सुमारे अर्धा टक्का घसरला.

याला सरसकट ‘नोटा छापणे’ म्हणणे बरोबर नाही. रोख्यांचा मोबदला बँकांच्या फेडमधल्या खात्यांत जमा झाला आणि बराचसा तिथेच पडून राहिला. म्हणूनच महागाईचा भडका तेव्हा उडाला नाही.

मार्च २००९ मध्ये परतावा उतरला तो खरेदीआधी, नुसत्या घोषणेने. शब्दाची ही ताकद फेडने पुढे उघडपणे वापरली. किमान २०१३च्या मध्यापर्यंत दर वाढणार नाही, असे तिने ऑगस्ट २०११ मध्ये सांगितले. हेच फॉरवर्ड गायडन्स. येत्या काही वर्षांत अल्प मुदतीचे दर खालीच राहणार याची खात्री पटली, की दीर्घ मुदतीचे दरही उतरतात.

पण शब्द उलटतोही. फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्के २२ मे २०१३ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर म्हणाले, की पुढच्या काही बैठकांत खरेदी कमी होऊ शकते. दरवाढीबद्दलचे आश्वासन कायम होते, तरी बाजाराने दोन्ही गोष्टी एकच मानल्या. दहा वर्षांचा परतावा दोन टक्क्यांवरून सप्टेंबरपर्यंत तीनच्या घरात गेला. परदेशी पैसा भारतातूनही निघाला. मेमध्ये ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांपलीकडे पोचला.

तोवर खरेदीत एका डॉलरचीही कपात झालेली नव्हती. ती जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि व्याजदर पहिल्यांदा वाढला तो डिसेंबर २०१५ मध्ये.