ताट भरलेले, उष्मांक मोजके : ‘व्हॉल्यूम इटिंग’चे गणित आणि त्यातील तेलाचा घोटाळा

नवी दिल्ली : वजन कमी करण्यासाठी शरीराला खर्चापेक्षा कमी ऊर्जा मिळावी लागते. बहुतेकांचा निर्धार मात्र याच टप्प्यावर, रोज संध्याकाळी लागणाऱ्या भुकेपुढे मोडतो. त्यावरचा उपाय म्हणून ‘व्हॉल्यूम इटिंग’ ही पद्धत सध्या चर्चेत आहे. ताटातील अन्न कमी करायचे नाही. उलट भाज्या, सूप आणि कोशिंबिरी यांच्या साहाय्याने त्याचे आकारमान वाढवायचे आणि उष्मांक मात्र कमी ठेवायचे, असे तिचे सूत्र आहे. या सूत्राला संशोधनाचा आधार आहे. परंतु भारतीय स्वयंपाकघरात ते कढईतील तेलामुळे सहज फसते.

ऊर्जाघनता म्हणजे काय?

एक ग्रॅम अन्नातून किती उष्मांक मिळतात, या मापाला ऊर्जाघनता म्हणतात. एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे ९, तर पिष्टमय पदार्थ व प्रथिनांतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. पाण्यातून काहीच मिळत नाही. त्यामुळे ज्या पदार्थात पाणी अधिक आणि स्निग्धांश कमी, त्याची ऊर्जाघनता कमी. शंभर ग्रॅम दुधी किंवा काकडीत साधारण १५, टोमॅटोत २०, कोबीत २५, बटाट्यात ७५, शेंगदाण्यांत सुमारे ५७० आणि तेलात जवळजवळ ९०० किलोकॅलरी असतात.

जठराच्या भिंतीतील ताण ओळखणाऱ्या चेतातंतूंना पोट किती भरले, हे कळते; त्या अन्नात उष्मांक किती आहेत, हे ते मोजत नाहीत. उष्मांकांची दखल पुढे आतडी व त्यांतून स्रवणारी संप्रेरके घेतात, परंतु तोवर जेवण बरेचसे उरकलेले असते. शिवाय माणूस रोज साधारण ठरावीक वजनाचे अन्न खातो. त्या वजनातील पाण्याचा वाटा वाढवला, तर तेवढ्याच जेवणातून कमी ऊर्जा पोटात जाते. या पद्धतीचा सगळा भार या निरीक्षणावर आहे.

प्रयोगांनी काय दाखवले?

या विषयावरील पायाभूत काम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील पोषणतज्ज्ञ बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात महिलांना जेवणापूर्वी कोंबडी व भाताचा एक पदार्थ तीन प्रकारे देण्यात आला : नुसता, सोबत पेलाभर पाण्यासह आणि तेच पाणी त्यात मिसळून सूप करून. सूप घेतलेल्यांनी नंतरच्या जेवणात सुमारे १०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या. सोबत प्यायलेल्या पाण्याचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे जेवणाआधी पेलाभर पाणी पिणे आणि सूप घेणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

२००४ मधील सॅलडवरील प्रयोग अधिक बोलका आहे. जेवणाच्या सुरुवातीला सुमारे ३०० ग्रॅम हलके सॅलड खाल्ल्यावर संपूर्ण जेवणातील ऊर्जा, सॅलडच्या उष्मांकांसह, सुमारे १२ टक्क्यांनी घटली. परंतु तेवढ्याच सॅलडमध्ये भरपूर चीज आणि तेलकट ड्रेसिंग घातले, तेव्हा एकूण ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. आकारमान तेच, परिणाम मात्र उलट.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात स्थूल महिलांचे वर्षभर निरीक्षण करण्यात आले. केवळ स्निग्धांश कमी करणाऱ्या गटाचे वजन सरासरी ६.४ किलोने घटले. स्निग्धांश कमी करून भाज्या, फळे व पाणीदार पदार्थ वाढवणाऱ्या गटाचे वजन ७.९ किलोने घटले. फरक दीड किलोचा, म्हणजे माफकच आहे. मात्र दुसऱ्या गटाला भूक कमी जाणवली.

एका जेवणाचा हिशेब

हे तत्त्व घरच्या ताटात कसे उतरते, ते दुपारच्या एका नेहमीच्या जेवणावरून पाहता येईल. आकडे अंदाजे आहेत. तेल लावलेल्या तीन पोळ्या (३६०), दहा ग्रॅम तेलात केलेली दीडशे ग्रॅम बटाट्याची भाजी (१९०), एक वाटी आमटी (१४०) आणि दीडशे ग्रॅम भात (१९५) असे हे जेवण ५७० ग्रॅम वजनाचे आणि सुमारे ८८५ किलोकॅलरींचे होते.

आता हेच जेवण बदलून पाहू. सुरुवातीला दुधी व टोमॅटो शिजवून, घुसळून केलेले पाव लिटर सार, वरून अर्धा लहान चमचा तूप (६०). त्यानंतर काकडी, मुळा व टोमॅटोची दह्यातील दोनशे ग्रॅम कोशिंबीर, त्यात पाच ग्रॅम दाण्याचे कूट (९०). पाच ग्रॅम तेलात केलेली दोनशे ग्रॅम कोबी किंवा फरसबीची भाजी (९५). आमटी कमी न करता मोठी वाटी भरून (१८५), आणि बिनतेलाच्या दोन पोळ्या (२००). भात या वेळी वगळलेला आहे. एकूण वजन ९३० ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ६३० किलोकॅलरी. ताट दीडपटीहून जड झाले आणि तरीही २५५ किलोकॅलरी वाचल्या.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. सार व कोशिंबीर आधी वाढली आहे, कारण पोळीपूर्वी पोट भरू लागणे हाच तिचा उपयोग. दुसरे म्हणजे भाज्या ताटात आल्या तेव्हा एक पोळी आणि भात ताटातून गेला. जुन्या जेवणावर केवळ सूप व सॅलडची भर घातली आणि बाकीचे सर्व तसेच संपवले, तर उष्मांकांत तूट न येता वाढच होईल.

बचत कुठे हरवते?

हेच सुधारित ताट थोड्या सैल हाताने केले तर काय होते? कोबीच्या भाजीत पाचऐवजी पंधरा ग्रॅम तेल पडले, की ९० किलोकॅलरी वाढतात. कोशिंबिरीत कूट पंचवीस ग्रॅम झाले, की आणखी ११०. सारात दोन मोठे चमचे साय घातली, की सुमारे ६५. एकूण वाढ २६५ किलोकॅलरींची झाली आणि सगळी बचत संपली. ताट मात्र पूर्वीइतकेच हिरवेगार दिसते, त्यामुळे चूक नजरेस येत नाही. वांगे तर तेल शोषून घेते. भरली वांगी ही भाजी असली तरी या हिशेबात ती हलकी ठरत नाही.

घरात तेल किती जाते, हे शोधण्याची सोपी रीत म्हणजे महिन्याचा हिशेब. चार जणांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २७० किलोकॅलरी येतात. तूप, लोणी, दाणे व खोबरे यांतील स्निग्धांश त्याहून वेगळा. फोडणीसाठी बाटली थेट कढईवर न धरता मापाचा चमचा वापरला आणि भाजी झाकण ठेवून, वर पाण्याचे ताट ठेवून शिजवली, तर चव न बिघडता तेल निम्म्यावर आणता येते.

बाजारातील ‘भाज्यांचे सूप’ याबाबतीत भरवशाचे नसते. उपाहारगृहातील सूप मक्याच्या पिठाने घट्ट केलेले व लोण्याने सजवलेले असू शकते. पाकिटातील सुपात मीठ अधिक असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांचे दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. घरचे दुधीचे सार, पातळ रसम किंवा पालेभाजीचे पातळ वरण हे अधिक खात्रीचे पर्याय आहेत.

भूक दोन तासांत परतली तर

पाण्याने भरलेले पोट तुलनेने लवकर रिकामे होते. जेवणानंतर दोन तासांत कडकडून भूक लागत असेल, तर ताटात प्रथिने कमी पडत आहेत, असे बहुधा समजावे. वरील उदाहरणात आमटी वाढवण्याचे कारण हेच. दही, उसळ, पनीर, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. उकडलेल्या एका अंड्यातून सुमारे ७५ किलोकॅलरींत सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. केवळ सूप व सॅलडवर दिवस काढल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

पोट फुगणे व वायू ही दुसरी तक्रार. कोबी, फ्लॉवर, मुळा आणि कच्च्या भाज्यांचे प्रमाण एकदम दुप्पट केल्यास ती हमखास होते. प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि काही भाग शिजवून घ्यावा.

पहिल्या आठवड्यात वजनकाटा उलट दिशेने सरकला, तरी गडबडून जाऊ नये. आतड्यात अन्नाचा भार वाढलेला असतो आणि मिठामुळे पाणीही साठते. म्हणून एका दिवसाचा आकडा न पाहता आठवड्याच्या सरासरीची तुलना करावी. तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही, तर उष्मांकांत तूट नाही, असाच त्याचा अर्थ. तेव्हा आधी तेल, कूट आणि मधल्या वेळचे खाणे तपासावे. याउलट वजन आठवड्याला एक किलोहून अधिक वेगाने सतत घटत असेल, थकवा, केसगळती किंवा पाळीतील अनियमितता जाणवत असेल, तर तूट प्रमाणाबाहेर गेली आहे.

कोणी स्वतःहून करू नये?

मूत्रपिंडाच्या विकारात भाज्यांतील पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वाचा औषधाच्या परिणामाशी संबंध असतो. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना पोळी-भात अचानक कमी केल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अशा रुग्णांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. वाढत्या वयातील मुले, गर्भवती व स्तनदा माता, अशक्त ज्येष्ठ आणि मुळातच कमी वजनाच्या व्यक्ती यांच्यासाठी ही पद्धत नाही. कमी ऊर्जेत पोट भरणे, हे त्यांच्या गरजेच्या नेमके विरुद्ध आहे.