आठ प्रश्नांच्या ईमेलला आठ उत्तरं कशी मिळतील?

एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींनी एप्रिलच्या शेवटी वॉटरप्रूफिंगच्या कॉन्ट्रॅक्टरला पाठवलेला हा ईमेल आहे, असं समजा:

«नमस्कार, तुमचं कोटेशन मिळालं. कमिटीत त्यावर चर्चा झाली. गच्चीचं काम पावसाआधी उरकायला हवं, तर कधी सुरू करता येईल आणि साधारण किती दिवस लागतील? दरात जीएसटी धरला आहे की वेगळा? जुना कोबा काढावा लागेल असं तुम्ही पाहणीच्या वेळी म्हणाला होतात, त्याचा खर्च यात आहे का आणि डेब्रिजचं काय? मागच्या कॉन्ट्रॅक्टरने गॅरंटी दिली होती, पण नंतर फोनच उचलला नाही, त्यामुळे सभासद विचारत आहेत. पैसे कसे द्यायचे तेही सांगा. गच्चीवर सोलर पॅनेल आहेत, ते हलवावे लागतील का? कळवावे.»

दोन दिवसांनी उत्तर येतं: «नमस्कार. १५ तारखेपासून सुरू करू शकतो. जीएसटी वेगळा.»

सेक्रेटरींना वाटतं, माणूस टाळाटाळ करतोय. कॉन्ट्रॅक्टरला वाटतं, आपण उत्तर देऊन टाकलं. दोघंही प्रामाणिक आहेत. घोटाळा ईमेलच्या रचनेत आहे.

आधी प्रश्न मोजू. सुरुवात, मुदत, जीएसटी, कोबा, डेब्रिज, गॅरंटी, पैसे आणि पॅनेल असे आठ विषय यात आहेत. उत्तरं आली दोन. राहिलेल्या सहांकडे नीट पाहिलं, तर प्रत्येक उत्तर वेगळ्या कारणाने हुकलं आहे.

मुदतीचा प्रश्न 'आणि'च्या पाठीमागे दडला. एका वाक्यात दोन प्रश्न जोडले, की वाचणारा त्यातल्या सोप्याचं उत्तर देतो आणि वाक्य संपलं असं समजतो. कोब्याच्या उत्तरासाठी साइटवरच्या सुपरवायझरला विचारावं लागणार होतं, म्हणून ते मागे पडलं. डेब्रिज त्याच वाक्याला लटकलेलं होतं, तेही त्याच्याबरोबर गेलं. 'पैसे कसे द्यायचे' याचे दोन अर्थ निघतात: चेकने की बँकेतून ट्रान्सफर करून, की किती हप्त्यांत? नेमकं काय विचारलंय हे कळलं नाही, की माणूस तो प्रश्न सोडून पुढे जातो. पॅनेलचा प्रश्न सगळ्यात शेवटी होता. फोनच्या पडद्यावर तिथवर पोहोचेपर्यंत उत्तर मनात तयार झालेलं असतं. आणि गॅरंटीबद्दल तर काही विचारलेलंच नाही. सभासद विचारत आहेत एवढी माहिती दिली आहे. लिहिणाऱ्याच्या मनात तो प्रश्न होता, कागदावर तो विधान होऊन उतरला.

यातून कामाचं सूत्र एकच निघतं. उत्तर राहिलं आहे, हे उत्तर देणाऱ्याला स्वतःला दिसलं पाहिजे. बँकेच्या स्लिपवर रिकामा राहिलेला रकाना जसा चटकन डोळ्यांत भरतो, तसं ईमेलमध्येही झालं पाहिजे. परिच्छेदात रकाने नसतात, म्हणून तिथे काय सुटलं ते कळत नाही.

आता तोच ईमेल पुन्हा लिहू:

«विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग – ८ प्रश्न, १० मेपर्यंत उत्तर हवे

नमस्कार,
तुमचं कोटेशन मिळालं. ११ मेच्या कमिटी मीटिंगमध्ये निर्णय घ्यायचा आहे, त्यासाठी खालच्या आठ प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. 'उत्तर' या शब्दापुढे थोडक्यात लिहिलं तरी चालेल. ४ साठी साइटवर विचारावं लागणार असेल, तर बाकीची उत्तरं आधी पाठवा.

काम
१) सुरुवात – काम कोणत्या तारखेला सुरू कराल?
उत्तर:
२) मुदत – सुरुवातीपासून पाँडिंग टेस्ट संपेपर्यंत किती दिवस लागतील?
उत्तर:
३) सोलर – पॅनेल हलवावे लागतील का?
उत्तर:

खर्च
४) कोबा – जुना कोबा काढण्याचा खर्च दरात आहे का? नसेल तर चौरस फुटाला किती?
उत्तर:
५) डेब्रिज – उचलून नेण्याचा खर्च दरात आहे का? नसेल तर किती?
उत्तर:
६) जीएसटी – दरात धरला आहे की वेगळा?
उत्तर:
७) हप्ते – आमचा प्रस्ताव: सुरुवातीला ३० टक्के, काम संपल्यावर ५० टक्के, पाँडिंग टेस्टनंतर २० टक्के. मान्य आहे का? नसेल तर तुमचे टप्पे कळवा.
उत्तर:
८) गॅरंटी – लेखी गॅरंटी किती वर्षांची द्याल?
उत्तर:»

ईमेल लांबला, पण वाचायला हलका झाला. प्रश्नांचा आकडा विषयात आणि पहिल्या परिच्छेदात दोनदा आला आहे, कारण आठ उत्तरं द्यायची आहेत हे माहीत असलेला माणूस सहावर थांबत नाही. तारखेबरोबर तिचं कारणही आहे. नुसतं 'लवकर कळवा' म्हटलं तर 'लवकर' म्हणजे कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ११ तारखेला मीटिंग आहे म्हटल्यावर १० ही तारीख पटते. मागच्या कॉन्ट्रॅक्टरची हकिगत आता नाही, तिच्याऐवजी थेट प्रश्न आहे. पार्श्वभूमी सांगायचीच असेल तर ती प्रश्नांच्या वर, दोन ओळींत उरकावी.

प्रश्नांचे क्रमांक दोन गटांतून सलग चालतात. दुसऱ्या गटात पुन्हा १ पासून सुरुवात केली असती, तर उत्तरात आलेला '२' कोणता, हा नवाच प्रश्न उभा राहिला असता. क्रमांकाशेजारी एका शब्दाचं नाव दिलं आहे, तेही विचारपूर्वक. फोनवरून उत्तर देणारा बहुधा वरच '१) १५ मे २) १८ दिवस' असं लिहून मोकळा होतो. जीमेलमध्ये मूळ ईमेल तीन टिंबांच्या मागे लपतो. महिनाभराने कोणी ते उत्तर उघडलं, तर '६) वेगळा' याचा अर्थ शोधत बसावं लागतं. 'जीएसटी – वेगळा' असं लिहिलेलं असेल, तर ते एकटंही समजतं. आपण नावं दिली, की उत्तर देणाराही बऱ्याचदा तीच उचलतो.

चौथ्या प्रश्नात दोन प्रश्नचिन्हं आहेत. मग 'आणि'ला एवढी हरकत का घेतली? फरक असा, की 'आणि'ने जोडलेले दोन प्रश्न स्वतंत्र असतात आणि त्यातला एक हरवतो. 'नसेल तर किती' हा मात्र पहिल्याच उत्तराचा पुढचा भाग आहे. तो आत्ता विचारला नाही, तर 'नाही' एवढं उत्तर येईल आणि आकडा विचारायला आणखी एक ईमेल लागेल.

सातव्या प्रश्नात मोकळं विचारण्याऐवजी प्रस्ताव ठेवला आहे. कोऱ्या पाटीवर हप्ते मांडायला वेळ लागतो, समोर ठेवलेले आकडे मान्य किंवा अमान्य करायला लागत नाही. बाकीचे प्रश्नही असेच घडवले आहेत: उत्तर तारखेत, आकड्यात किंवा होय-नाहीत यावं. ज्याचं उत्तर परिच्छेदाशिवाय देताच येणार नाही, असा प्रश्न या यादीत घालू नये. तो एकटा सगळी यादी अडवून धरतो.

इथे एक तांत्रिक खाचखळगा आहे. हे क्रमांक हातानेच टाइप करावेत. ईमेलमधली आपोआप क्रमांक देणारी यादी वापरली आणि उत्तर देणाऱ्याने पहिल्या प्रश्नाखाली जागा करायला एंटर दाबलं, की त्याच्या उत्तरालाच २ क्रमांक मिळतो आणि तुमचा दुसरा प्रश्न तिसरा होऊन बसतो. 'माझी उत्तरं लाल रंगात आहेत' ही पद्धतही भरवशाची नाही. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये रंग उरत नाही आणि काहींना तो ओळखू येत नाही. 'उत्तर:' हा शब्द मात्र कुठेही टिकतो.

प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहिण्याची रीत इंटरनेटवर जुनी आहे. १९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराबद्दल RFC 1855 नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. उत्तर देताना वर मूळ मजकुराचा सारांश द्यावा किंवा संदर्भ कळेल इतकाच मूळ मजकूर ठेवावा, असं त्यात सांगितलं होतं. पुढे ऑफिसमध्ये आणि फोनवर रूढ झालेल्या प्रोग्रॅमनी कर्सर सगळ्यात वर आणून ठेवला, आणि मूळ मजकूर न बघताच लिहायची सवय लागली. ती मोडणं आपल्या हातात नाही. म्हणून रचना अशी हवी, की उत्तर वर आलं काय किंवा खाली आलं काय, नाव आणि क्रमांकावरून ते जुळवता यावं.

सोलरचा प्रश्न मात्र इथे संपत नाही. 'हलवावे लागतील' असं उत्तर आलं, तर ते कोण आणि किती रुपयांत हलवणार, हे सोलर बसवणाऱ्या कंपनीला विचारायचं आहे. तो वेगळा ईमेल, वेगळ्या विषयाचा. दोघांना एकाच ईमेलमध्ये घेतलं, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. कमिटीच्या सदस्यांना विचारतानाही हेच होतं. सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न कोणाचाच नसतो, तेव्हा प्रत्येक प्रश्नाआधी कोणी उत्तर द्यायचं त्याचं नाव लिहावं.

एवढं करूनही काही उत्तरं अडतात. समजा, सहा आली, ४ चं आलंच नाही, आणि ८ पुढे लिहिलंय, 'गॅरंटी देऊ.' हे उत्तर दिसतं, पण उत्तर नाही. 'किती' विचारलं होतं, आकडा आलेला नाही. अशा वेळी 'आधीचा ईमेल पाहावा' असं लिहिलं, तर समोरच्याला आठही प्रश्न पुन्हा चाळावे लागतात. त्यापेक्षा हे पाठवावं:

«१, २, ३, ५, ६ आणि ७ ची उत्तरं मिळाली, आभार. दोन राहिली आहेत.
४) कोबा – काढण्याचा खर्च दरात आहे का? नसेल तर चौरस फुटाला किती?
८) गॅरंटी – किती वर्षांची? करारात ५ वर्षं लिहू का?»

क्रमांक जुनेच ठेवले आहेत, म्हणजे दोन्ही ईमेल शेजारी ठेवून वाचता येतात.

'दोन दिवसांत कळवलं नाही तर मान्य आहे असं समजू' ही युक्ती किरकोळ बाबींपुरतीच वापरावी. उदाहरणार्थ, सामान कोणत्या गेटने आणायचं. दर, गॅरंटी आणि हप्ते यांत गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. उद्या वाद झाला तर त्या ईमेलचा आधार लुळा पडतो. आणि ज्या प्रश्नात घासाघीस होणार आहे, तो ईमेलवर सोडवायचा हट्ट धरू नये. चौरस फुटाच्या दरावर फोनवर बोलून घ्यावं, आणि त्याच दिवशी लिहावं: «फोनवर ठरल्याप्रमाणे ४) कोबा काढण्याचा दर असा. बरोबर असेल तर 'होय' लिहा.» मग आठव्या उत्तराचीही लेखी नोंद ११ तारखेच्या मीटिंगमध्ये समोर ठेवता येते.